गादी एल ४-५ मधली, दबलेली नस मात्र एल ५ ची. हे कसं काय?

निंबोणी

दादाच्या कमरेचा एमआरआय झाला. वय ४४, निफाडकडे द्राक्षबाग, त्यामुळे क्रेट उचलणं आणि ट्रॅक्टर हे रोजचंच. बरेच महिने नुसती कंबर दुखायची. मग दिवाळीच्या सुमारास कंबर जरा हलकी झाली आणि डाव्या पायात कळ उतरली. कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरच्या अंगाने, पोटरीच्या कडेने, पावलाच्या वरच्या भागावरून थेट अंगठ्यापर्यंत. हल्ली चालताना डावी चप्पल निसटते, हे वहिनीच्या लक्षात आलं, तेव्हा कुठे तो डॉक्टरांकडे गेला.

रिपोर्टमधलं महत्त्वाचं वाक्य असं आहे: एल ४-५ ला डिस्क एक्स्ट्रूजन, लेफ्ट पॅरासेंट्रल, लेफ्ट ट्रॅव्हर्सिंग एल ५ नर्व्ह रूट कम्प्रेस्ड. खाली आणखी एक ओळ: एल ५-एस १ ला माइल्ड डिफ्यूज बल्ज. एल म्हणजे कमरेचे मणके आणि एस म्हणजे त्याखालचं त्रिकास्थी, एवढं मला कळलं.

उपचार डॉक्टर सांगतीलच, तो माझा प्रश्न नाही. दवाखान्यात बसल्या बसल्या भिंतीवरचा तक्ता बघत होते. त्यात चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधून बाहेर पडणारी नस एल ४ अशी दाखवली आहे. मग त्या दोघांमधली गादी सरकली तर एल ४ दबायला हवी ना? रिपोर्टात एल ५ कशी? टायपिंगची चूक असेल का?

गंमत म्हणजे ऑफिसातल्या मैत्रिणीला मानेचा त्रास आहे. तिची गादी सी ६-७ मधली आणि नस सी ७. तक्त्यात सहाव्या आणि सातव्या मणक्यामधून सी ७ च बाहेर पडताना दिसते. म्हणजे मानेत जी नस तिथून बाहेर पडते तीच दबते आणि कमरेत दुसरीच?

सूर्यनमस्कारी

टायपिंगची चूक नाही. सोपा नियम आहे, पाठ करून ठेवा: दोन आकड्यांपैकी खालचा आकडा. एल ४-५ ला एल ५, एल ५-एस १ ला एस १, सी ६-७ ला सी ७. सगळ्या पाठीला एकच नियम. आमच्या योगशिक्षक वर्गात हेच शिकवलं होतं.

उंबरा

माझीही गादी सरकली होती, सी ५-६. हात बधिर व्हायचा, अंगठा आणि तर्जनी. कॉलर लावला, उशी बदलली, बरं वाटलं. दादांना म्हणावं उशी पातळ घ्या.

निंबोणी

उंबरा, दादाची मान ठीक आहे हो, कंबर आहे :) 

सूर्यनमस्कारी, नियम कळला, पण तक्त्याचं कोडं तसंच राहिलं. तिथून बाहेर पडते एल ४ आणि दबते एल ५, हे का?

खडूफळा

मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली. निंबोणीताईंनी विचारलेला प्रश्न दर वर्षी तोंडी परीक्षेत विचारायचो. बहुतेक मुलं 'खालचा आकडा' म्हणून मोकळी व्हायची आणि पुढच्याच प्रश्नाला अडकायची. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मानेची. मानेत मणके ७, पण नसांच्या जोड्या ८. पहिली नस कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून निघते, म्हणून मानेतली प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते. सी ७ ही सातव्याच्या वरून, म्हणजे सहा आणि सात यांच्यामधून. सातव्याच्या खाली जी निघते तिला आपला मणकाच नाही, ती आठवी. तिथून पुढे, बरगड्यांच्या भागापासून शेवटपर्यंत, प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून निघते. तक्त्यात हाच बदल तुम्हाला दिसला.

दुसरी गोष्ट: नस कुठल्या उंचीवर आणि कशी निघते. मानेत मज्जारज्जू समोरच असतो, नस त्यातून जवळजवळ आडवी निघते आणि गादीच्या पातळीवरच बाहेर जाते. त्यामुळे गादी थोडी बाजूला फुगली काय किंवा आणखी बाहेर फुगली काय, वाटेत एकच नस सापडते. मैत्रिणीची सी ७ त्यामुळे दबली.

कमरेत मज्जारज्जूच नसतो. मोठ्या माणसात तो साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुपका उभा खाली उतरत असतो आणि एकेक नस आपापल्या मणक्यापाशी आल्यावर बाजूला होऊन बाहेर पडते. आता चौथा मणका बघा. त्याच्या पुढच्या ठोकळ्यापासून मागच्या कमानीकडे जाणारे दोन आखूड जाड खांब असतात, त्यांना आम्ही पेडिकल म्हणतो. हे खांब ठोकळ्याच्या वरच्या भागाला चिकटलेले असतात, मधोमध नव्हे. एल ४ ची नस या खांबाच्या अगदी पोटाखालून वळून बाहेर जाते. म्हणजे ती चौथ्या ठोकळ्याच्या मागेच बाहेर पडून मोकळी होते. गादी त्याच्याही खाली असते. बाहेर पडायच्या छिद्राचा वरचा भाग नसेचा, खालचा भाग गादीसमोरचा.

मणक्यांच्या आतून नसा ज्या पोकळीतून खाली उतरतात तो कालवा. गादीच्या पातळीवर त्या कालव्यात कोण उरलं? एसटीत जसं पुढच्या थांब्यावर उतरणारा माणूस आधीच दाराशी येऊन उभा राहतो, तशी एल ५ ची नस तिथे अगदी कडेला आलेली असते. एल ४ आधीच्या थांब्यावर उतरून गेली. एस १ अजून आत, मधल्या गर्दीत. गादी मागे आणि थोडी बाजूला फुटली की पहिला धक्का दाराशी उभ्या असलेल्या एल ५ ला. रिपोर्टातला 'ट्रॅव्हर्सिंग' शब्द तिच्याबद्दलच आहे: इथून खाली चाललेली, अजून बाहेर न पडलेली.

तेव्हा तक्ता बरोबर आणि रिपोर्टही बरोबर.

निंबोणी

अरे वा! म्हणजे एल ४ तिथून बाहेर पडते हे खरं, पण गादीच्या जरा वरूनच निसटते. आता चित्र डोळ्यासमोर आलं.

सूर्यनमस्कारी

सर, म्हणजे माझा नियम बरोबरच की. कारण वेगळं असेल, उत्तर तेच.

खडूफळा

उत्तर बहुतेक वेळा तेच. मानेत ते जवळजवळ नेहमी बरोबर येतं. कमरेत मात्र एका अटीवर: गादी मागे-बाजूला, कालव्याच्या आत फुटली असेल तर. ती त्याहून बाहेर, म्हणजे नस निघायच्या छिद्रात किंवा छिद्राच्याही पलीकडे फुटली, तर वरची नस सापडते. एल ४-५ ची गादी छिद्रात घुसली तर एल ४ दबते. तेव्हा वरचा आकडा! आणि बरोबर मध्यावर मोठी फुटली तर कुठलीच एक नस नाही, खाली उतरणारा सगळा झुपका दाबला जाऊ शकतो. त्याबद्दल पुढे लिहीन, ते महत्त्वाचं आहे.

बरगड्यांच्या भागात तर तुमचा नियम उलटाच होतो. तिथे नस आपल्या मणक्याखालून निघते पण गादीपासून फार लांब निसटत नाही, त्यामुळे वरच्या आकड्याची नस सापडते. शिवाय तिथे मज्जारज्जू आहे आणि कालवा अरुंद आहे. तिथली गादी मध्यावर फुटली तर एका नसेपेक्षा रज्जूवरच दाब येण्याची भीती जास्त.

रानपाखरू

पण बरगड्यांच्या भागात गादी सरकल्याचं कधी ऐकलं नाही. आमच्या ओळखीत सगळ्यांची कंबर नाहीतर मान.

खडूफळा

कारण तिथे मणके १२ असूनही हालचाल कमी. बरगड्यांनी दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलेलं, गाद्या मणक्यांच्या उंचीच्या मानाने पातळ. मागच्या सांध्यांच्या पाळ्या तिथे साधारण पुढे-मागे तोंड करून असतात, त्यामुळे धड वळवता येतं पण फारसं वाकता येत नाही. कमरेत त्याच पाळ्या बाजूंकडे वळलेल्या असतात. तिथे पुढे-मागे वाकणं भरपूर, पिळणं जवळजवळ बंद. वाकणं, उचलणं आणि वरच्या सगळ्या शरीराचं वजन, हे तिन्ही शेवटच्या दोन गाद्यांवर एकत्र येतं, एल ४-५ आणि एल ५-एस १. कमरेत फुटणाऱ्या गाद्यांपैकी सुमारे ९५ टक्के या दोनच जागी. पायात जाणारी कळ बहुतेकदा एल ५ किंवा एस १ ची का असते, ते यातूनच येतं.

चालतेबोलते

मी फिजिओथेरपिस्ट. सरांनी रचना सांगितली, मी तपासणीचं सांगते.

दादाची कळ अंगठ्यापर्यंत आणि पावलाच्या वरच्या बाजूला, चप्पल निसटते. दोन्ही गोष्टी एल ५ कडे बोट दाखवतात. घरच्या घरी ढोबळ बघता येतं: दोन्ही पायांचे अंगठे एकदम वर उचलायला सांगा आणि आपल्या बोटाने खाली दाबा. डावा अंगठा पटकन खाली जात असेल तर एल ५. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ बाजूला उचलायला सांगा, तोही स्नायू मुख्यतः एल ५ वर चालतो.

एस १ असती तर कळ पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे गेली असती. त्या पायाच्या चवड्यावर एकट्याने उभं राहून लागोपाठ वर-खाली होणं जमलं नसतं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली की येणारा झटका मंदावला असता. एल ४ असती तर गुडघ्याचा झटका मंदावतो, जिना चढताना गुडघा दगा देतो, बधिरपणा नडगीच्या आतल्या अंगाला. एल ५ ची गोची अशी की तिचा स्वतःचा असा भरवशाचा झटका नाही. दोन्ही झटके ठीक आणि अंगठा मात्र उचलत नाही, असं चित्र दिसतं. म्हणून घाईत हातोडी मारून 'सगळं नॉर्मल' म्हणणाऱ्यांच्या हातून ती निसटते.

निंबोणी

आत्ताच फोन केला. वहिनीने बघितलं. चवड्यावर उभा राहतो, आठ-दहा वेळा वर-खाली झाला. डावा अंगठा मात्र तिने एका बोटाने खाली नेला. कुशीवरून पाय उचलणंही डावीकडे अर्धवटच. गुडघ्याचं काही नाही.

कासराभर

एक शंका. पाऊल उचलत नाही म्हणजे कमरच कशावरून? आमच्या भावकीतल्या एकाला कांदे काढणीच्या हंगामात दिवस-दिवस उकिडवं बसून असंच झालं होतं. त्यालाही सगळे म्हणाले गादी सरकली. निघालं भलतंच, गुडघ्याजवळ नस दबलेली.

चालतेबोलते

फार चांगली शंका, खरंच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, जे हाडाचं टोक हाताला लागतं, त्याच्या मानेवरून एक नस वळसा घालून जाते. उकिडवं बसून किंवा मांडीवर मांडी टाकून ती दबते आणि पाऊल लुळं पडतं. तिच्यात एल ५ चेच धागे बरेच असतात, म्हणून फसगत होते.

फरक असा काढायचा. ती नस गुडघ्यापाशी दबली तर तिच्या वरचे स्नायू शाबूत राहणार. म्हणजे कुशीवरून पाय उचलता येणार. पाऊल आतल्या बाजूला वळवणंही बऱ्यापैकी जमणार, कारण त्या कामाचा मुख्य स्नायू एल ५ वर चालत असला तरी वेगळ्या नसेच्या वाटेने चालतो. कंबर किंवा मांडी दुखायचं कारण नाही. दादाचा कुशीवरचा पाय अर्धवट उठतोय आणि कळ कुल्ल्यापासून आहे, म्हणजे दाब वर, मुळाशी आहे.

निंबोणी

मग आणखी एक. रिपोर्टात एल ५-एस १ चा बल्ज पण आहे. सर म्हणाले की छिद्रात फुटली तर वरची नस. मग एल ५-एस १ ची गादी छिद्रात घुसली तर तीही एल ५ च दाबणार ना? दादाची एल ५ वरच्या गादीने दबली की खालच्या?

खडूफळा

शाब्बास! हाच तो पुढचा प्रश्न, जिथे मुलं अडकायची.

एल ५ ची नस दोन ठिकाणी सापडू शकते. एल ४-५ च्या पातळीवर कालव्याच्या कडेला आणि एक मजला खाली एल ५-एस १ च्या छिद्रात. अंगठा, पावलाचा वरचा भाग, कुशीवरचा पाय, हे सगळं दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारखंच. नुसतं तपासून दोघांत भेद करणं कठीण. गादीचा आकडा आणि नसेचा आकडा यांची जोडी लावण्याआधी गादी कुठल्या दिशेला फुटली हे बघावं लागतं, ते इथे कामाला येतं.

भेद चित्रात दिसतो. एमआरआयमध्ये बाजूने घेतलेले जे काप असतात, त्यात मधल्यापासून डावीकडे सरकत गेलं की नस निघायची छिद्रं एकाखाली एक दिसतात. टी १ प्रकारच्या चित्रात छिद्रातली चरबी पांढरी आणि त्यात नस काळसर ठिपक्यासारखी. एल ५-एस १ च्या डाव्या छिद्रात ठिपक्याभोवती पांढरं कडं शाबूत असेल तर तिथे दाब नाही. ते कडं पुसलं गेलं असेल तर विचार करावा. रेडिओलॉजिस्टने 'माइल्ड डिफ्यूज बल्ज' लिहिलंय आणि छिद्राचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा तिथे काही नाही. तरी सर्जनला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि नुसता बल्ज म्हणजे रोग असं समजू नका. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून प्रसिद्ध केले होते. निम्म्याहून जास्त लोकांत, ५२ टक्क्यांत, निदान एक तरी गादी फुगलेली. पण दादाच्या रिपोर्टातला 'एक्स्ट्रूजन' हा शब्द बघा, तो त्या ९८ जणांत फक्त १ टक्क्यात. म्हणून वरची गादी संशयित, खालची बहुधा वयाची खूण.

रानपाखरू

बल्ज आणि एक्स्ट्रूजन यात नक्की फरक काय? गादी 'सरकते' म्हणजे दोन मणक्यांमधून बाहेर घसरते का? आमच्या गावाकडे एक जण नस बसवून देतात, गादी परत जागेवर ढकलतात म्हणे.

खडूफळा

गादी घसरत नाही. घसरूच शकत नाही, वरच्या आणि खालच्या मणक्याला कूर्चेच्या पातळ थराने ती घट्ट धरलेली असते. फुटते ती आतून.

आत पाणीदार गर, बाहेर तंतूंचं कडं. कड्यात १५ ते २५ थर, आणि प्रत्येक थरातले तंतू तिरपे, आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत. शेजारच्या थरात तोच तिरपेपणा उलट दिशेला. त्यामुळे पीळ कुठल्याही बाजूला बसला तरी एका वेळी अर्धेच थर ताणले जातात, उरलेले सैल. वाकून उचलताना शरीर वळवलं की त्या अर्ध्याच थरांवर सगळा भार, गर मागे ढकललेला. कडं मागच्या बाजूला मुळातच पातळ. त्यातही बरोबर मध्यावर एक उभा पट्टा मणक्यांच्या मागून खाली उतरतो आणि तिथे आधार देतो, पण कमरेत तो पट्टा अरुंद होत जातो. आधार मध्यावर, मोकळी जागा दोन्ही कडांना. म्हणून गर मागे आणि बाजूला फुटतो, आणि तिथेच एल ५ ची नस उभी.

कडं सगळीकडून थोडं बाहेर आलं तर बल्ज. कड्याच्या चिरेतून गर आरपार बाहेर पडला तर एक्स्ट्रूजन. बाहेर आलेला तुकडा तुटून वर किंवा खाली सरकला तर आकड्यांचा हिशोब पुन्हा बदलतो. एल ४-५ चा तुकडा वर चढला तर एल ४ ला गाठू शकतो.

दादाची कंबर आधी दुखत होती आणि पाय सुरू झाल्यावर हलकी झाली, हेही यात बसतं. गादीला रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत आणि संवेदना फक्त कड्याच्या बाहेरच्या थरांत. चीर तिथवर पोचली तोवर कंबर दुखली. कडं फाटून गर बाहेर आला, ताण मोकळा झाला, आता दुखणं नसेचं. आणि नुसता दाबच नाही, गर नसेला लागला की दाह होतो. म्हणून छोटा तुकडाही भयंकर कळ देतो आणि कधी मोठा तुकडा निमूट राहतो.

नस बसवण्याबद्दल: बाहेर आलेला गर मणक्यावर हात दाबून आत जात नाही. बाहेर आलेला तुकडा काही महिन्यांत शरीर स्वतः विरघळवतं असं मात्र बऱ्याचदा दिसतं, आणि गंमत म्हणजे पूर्ण बाहेर पडलेला जास्त विरघळतो.

रानपाखरू

माझ्या काकांना त्यांच्याकडे दोन बैठकांत फरक पडला होता. आता ते विरघळलं की बसवलं, देव जाणे.

कातळ

माझा किस्सा. रत्नागिरीत एमआरआय केला, रिपोर्ट एल ५-एस १. मुंबईत दुसरा केला, रिपोर्ट एल ४-५. दोन्हींत जागा तीच! सर्जनने समजावलं की माझा शेवटचा कंबरमणका खालच्या त्रिकास्थीला एका बाजूने चिकटलेला आहे. एकाने खालून मोजलं, दुसऱ्याने वरून. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर.

खडूफळा

हे होतं आणि फार दुर्मीळ नाही. कुणाचा पाचवा मणका त्रिकास्थीत गेलेला, कुणाचा त्रिकास्थीचा पहिला सुटून सहावा कंबरमणका झालेला. अशा माणसाच्या रिपोर्टात कसं मोजलं ते लिहिलेलं असावं. ऑपरेशनच्या टेबलावर एक्स-रे लावून पातळी पुन्हा मोजतात ती याच भीतीने. चुकीची पातळी उघडणं ही मणक्याच्या शस्त्रक्रियेतली जुनी आणि अजूनही पूर्ण न संपलेली अडचण आहे. निंबोणीताई, दादाच्या रिपोर्टात 'सॅक्रलायझेशन' किंवा 'ट्रान्झिशनल' असा शब्द आहे का बघा.

निंबोणी

दोन्ही नाहीत. बघितलं.

डॉक्टर लवकर ऑपरेशन म्हणताहेत. दादा म्हणतो छाटणीची कामं उरकू दे. इथे कुणाला अनुभव?

दूरदेशी

मी नेदरलँड्समध्ये असतो. इथे सायटिका म्हटलं की फॅमिली डॉक्टर आधी थांबायलाच सांगतात. इथल्याच डॉक्टरांनी २००७ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीव्र सायटिका असलेले २८३ जण, निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवून. लवकर केलेल्यांचा पाय लवकर शांत झाला, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच, साधारण ९५ टक्के बरे. माझाही एस १ वाला त्रास न कापता गेला. दादांना म्हणावं थांबा.

चालतेबोलते

दूरदेशी, अभ्यास बरोबर आहे पण दोन गोष्टी राहिल्या. थांबवलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांचं वर्षभरात ऑपरेशन झालंच, कारण कळ सोसली नाही. आणि ज्यांच्या स्नायूची ताकद इतकी गेली होती की पाय स्वतःच्या वजनाविरुद्धही उचलत नव्हता, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. दादाचा प्रश्न फक्त कळेचा नाही, अंगठ्याचा आहे. त्या अभ्यासावरून त्याला 'थांब' म्हणता येणार नाही, 'काप' असंही म्हणता येणार नाही. ताकद उतरतेय की स्थिर आहे, यावर सगळं आहे. दर दोन-तीन दिवसांनी वहिनीला अंगठा दाबून बघायला सांगा. उतरत असेल तर छाटणी बाजूला.

सूर्यनमस्कारी

पण अशक्तपणा आला तर ऑपरेशनने ताकद परत येतेच ना? मग घाई कशाला, नंतर करू.

खडूफळा

येतेच असं नाही. कळ लवकर जाते, ताकदीचा भरवसा तेवढा नाही. अशक्तपणा किती खोल आणि किती जुना यावर आहे, आणि नेमकं किती दिवसांच्या आत केलं तर फायदा यावर सर्जन मंडळींतही एकमत नाही. जोर बऱ्यापैकी शिल्लक असेल तर बरेच जण काही आठवडे बघतात, पाऊल पूर्ण लुळं पडलं तर थांबत नाहीत.

मध्यावर फुटलेल्या गादीचं मी अर्धवट सोडलं होतं. जिथे आठवडे नाही, तासही मोजायचे असतात, तो हा एकच प्रकार. कमरेत त्या पातळीवर खाली जाणारे लघवी-शौचाचे धागे झुपक्यात अगदी मध्ये असतात. मोठी गादी मध्यावर फुटली तर तेच दबतात. लघवी तुंबणं किंवा झालेली न कळणं, शौचावरचा ताबा जाणं, बसताना जो भाग खुर्चीला टेकतो तिथे आणि जांघेत बधिरपणा, दोन्ही पायांत कळ उतरणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्री, मोठ्या रुग्णालयात. आणि पेशंट लाजून सांगत नाही, तेव्हा वहिनींनी स्वतःहून विचारावं.

निंबोणी

वहिनीने विचारलं. लघवीचं काही नाही. उद्या दुसऱ्या सर्जनकडे जातोय, एमआरआयची सीडी घेऊन. एल ५-एस १ च्या डाव्या छिद्राचा प्रश्न लिहून घेतलाय.

उंबरा

माझ्या सी ५-६ चं कुणी सांगेल का? मग माझी सी ६ दबलेली ना? अंगठा आणि तर्जनी बधिर.

सूर्यनमस्कारी

मानेत खालचा आकडा :) हो, सी ६. आणि सर म्हणालेत की मानेत अट नाही.

खडूफळा

बरोबर. दंडाच्या पुढचा मोठा स्नायू आणि मनगट मागे वळवणं, दोन्हींची ताकद एकदा तपासून घ्या. हाताचा बधिरपणा मनगटात नस दबल्यानेही येतो. त्यात बहुधा मधलं बोटही येतं आणि रात्री झोपेतून जाग येते, हात झटकावा लागतो. तुम्हाला रात्री जाग येते का?

उंबरा

येते. कॉलर काढल्यापासून तर रोज. म्हणजे उशीमुळे नव्हे?